पायरी २७० ची, लादी ३१५ ची: एका डॉगलेग जिन्याच्या ग्रॅनाइटचा हिशोब

जिन्याचं काँक्रीट पूर्ण झालं होतं आणि भिंतींना गिलावा लागला होता. ग्रॅनाइट मागवायचं म्हणून मिस्त्रीने टेप लावून यादी लिहून दिली: पायरीच्या लाद्या १८, माप ११८० × २९५ मिमी, उभ्या चढाला लावायचे राइजर १८, माप ११८० × १७० मिमी, लँडिंग दोन, प्रत्येकी २४८० × १२२५ मिमी. बेरीज १५.९५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १७२ चौरस फूट.

वरवर पाहता यादीत खोट दिसत नाही. पायरी २७० मिमी, तिच्यात नोजिंगचे, म्हणजे चढाच्या पुढे येणाऱ्या ओठाचे, २५ मिळवले की २९५. चढाव १७० मिमी, म्हणून राइजरही १७०. अठरा चढ आहेत, म्हणून अठरा लाद्या. तरीही या यादीतलं एकही माप जसंच्या तसं वापरता आलं नसतं. आणि गंमत अशी नाही, तर अडचण अशी की एकूण चौरस फूट मात्र जवळपास बरोबर होते. त्यामुळे फक्त बेरीज तपासून ही चूक कधीच सापडली नसती.

जिना कसा आहे

दोन मजल्यांमधला साधा डॉगलेग जिना, म्हणजे मधल्या लँडिंगवर उलट वळून वर जाणारा. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३०६० मिमी. त्याचे १७० मिमीचे १८ चढ; नऊ खालच्या टप्प्यात, नऊ वरच्या. मधे एक लँडिंग. गिलावा झालेल्या भिंतींमधलं अंतर २४८० मिमी. प्रत्येक टप्पा भिंतीपासून मोकळ्या बाजूच्या गिलाव्यापर्यंत ११८० मिमी रुंद आणि दोन टप्प्यांमधे १२० मिमीची पोकळी. काँक्रीटची पायरी २७० मिमी. मधल्या लँडिंगवर खालच्या टप्प्याचा शेवटचा चढ आणि वरच्या टप्प्याचा पहिला चढ काँक्रीटमधे एका रेषेत आहेत, आणि तिथून मागची भिंत १२२५ मिमीवर.

दगड १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट. लादी भिंतीपासून मोकळ्या बाजूकडे गिलाव्याच्या २० मिमी पुढे काढायची, म्हणून तिची लांबी १२००. राइजर गिलाव्याशी सपाट, म्हणून त्याची लांबी ११८०. वरच्या मजल्याच्या फरशीला टाइल येणार आहे; तिथे ग्रॅनाइट फक्त जिन्याच्या कडेला.

आधी मोजणी: किती चढ, किती लाद्या

नऊ चढांच्या टप्प्यात लाद्या आठच असतात. नववा चढ चढला की पाय लँडिंगवर पडतो. म्हणजे दोन टप्प्यांत १८ राइजर आणि १६ लाद्या. उरलेल्या दोन चढांच्या डोक्यावर लँडिंगची कड असते: एक मधल्या लँडिंगची, एक वरच्या मजल्याची.

आता या दोन कडांनाही नोजिंग लागतंच. लँडिंग ही चालणाऱ्याच्या पायाला आणखी एक पायरीच आहे. तिथे नोजिंग काढलं नाही, तर शेवटच्या पायरीची रुंदी बाकीच्यांपेक्षा वेगळी लागते आणि उतरताना पहिलंच पाऊल फसतं. म्हणून लँडिंगच्या कडेला पायरीच्याच मापाची, पायरीसारखंच मोल्डिंग, म्हणजे कडेला गोलाई, केलेली लादी बसवायची आणि तिच्या मागे लँडिंगची बाकी फरशी. असं केलं की मोल्डिंगच्या लाद्या पुन्हा १८ च होतात. मिस्त्रीचा १८ चा आकडा या अर्थाने बरोबर निघाला असता, पण त्याने लँडिंगही पूर्ण धरलं होतं. म्हणजे ती दोन कडांची जागा दोनदा मोजली गेली. त्यात वरचं लँडिंगही आलं, जिथे टाइल येणार आहे.

लादीची रुंदी ३१५ कुठून आली

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून सावकाश पाहू.

काँक्रीटच्या उभ्या चढाला राइजर लागणार. त्याची जाडी १८ मिमी आणि मागे चिकटवण्याचा माल सुमारे ७ मिमी. म्हणजे तयार राइजरचा चेहरा काँक्रीटच्या २५ मिमी पुढे येतो. प्रत्येक चढावर तो तेवढाच पुढे येत असल्याने दोन तयार राइजरमधलं अंतर २७० च राहतं. पायरीचं खरं माप तेच: एका नोजिंगपासून दुसऱ्या नोजिंगपर्यंत २७०. नोजिंग काढल्याने हे अंतर वाढत नाही. वाढते ती फक्त पाय टेकायची जागा, कारण वर चढताना पायाचा पुढचा भाग वरच्या लादीच्या ओठाखाली सरकतो.

नोजिंग २५ मिमी, आणि ते मोजायचं तयार राइजरच्या चेहऱ्यापासून. काँक्रीटपासून मोजलं तर लादीचं टोक ५० मिमी पुढे असतं.

आता २९५ ची लादी कोरडीच ठेवून पाहा. टोक काँक्रीटच्या चढापासून ५० मिमी पुढे ठेवलं की मागची कड २४५ मिमीवर जाते. पुढचा काँक्रीट चढ २७० वर आहे आणि त्याचा तयार चेहरा त्याच्या २५ मिमी अलीकडे, म्हणजे नेमका २४५ वर. लादी जिथे संपते तिथेच राइजरचा चेहरा सुरू होतो. राइजरला उभं राहायला दगडच नाही. तो मालावर टेकतो, आणि लादी व राइजर यांच्या कोपऱ्यात रुंद सांधा उघडा पडतो. पुसताना पाणी त्याच सांध्यात जातं. मग कारागीर लादी मागे सरकवून राइजरला खाली जागा देतो, आणि २५ चं नोजिंग ७ वर येतं. अनेक जिन्यांवर नोजिंग नुसतं दिसण्यापुरतं उरलेलं दिसतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

म्हणून लादीची रुंदी अशी धरायची:

२७० (पायरी) + २५ (नोजिंग) + १८ (वरच्या राइजरची जाडी) = ३१३, कापायला ३१५.

३१५ ची लादी ठेवली की मागची कड २६५ वर जाते. राइजर २४५ ते २६३ मधे उभा राहतो, पूर्ण दगडावर. मागे काँक्रीटपर्यंत ५ मिमी मोकळे राहतात. ते हवेतच, कारण काँक्रीटचे चढ कधीच सरळ नसतात आणि एखादी पायरी चार-पाच मिमीने पुढे आलेली असतेच.

ज्यांना लादी राइजरच्या खाली घालायची नाही, तर त्याच्या चेहऱ्याला टेकवायची आहे, त्यांना २९५ पुरते. पण मग राइजर आधी खालच्या मालावर उभा करावा लागतो आणि कोपऱ्यातला सांधा वरून उघडा राहतो. झाडू आणि ओलं फडकं रोज त्याच सांध्यावरून फिरतं. घराच्या जिन्यात लादी खाली आणि राइजर वर ही पद्धत आम्ही निःसंकोच चांगली मानतो.

राइजर १७० चा का नाही

१७० हा एका लादीच्या वरच्या पृष्ठभागापासून दुसऱ्या लादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचा चढ. राइजर मात्र खालच्या लादीच्या पाठीपासून वरच्या लादीच्या पोटापर्यंतच जातो. म्हणजे १७० मधून लादीचे १८ वजा, खाली चिकटवण्याच्या पातळ थराचे २ वजा, उरतात १५०.

१७० चे राइजर आले, तर जागेवर कटरने २० मिमीची पट्टी काढावी लागते. अठरा वेळा हातकटरने कापलेली कड सरळ येत नाही, आणि ती कड वर लादीखाली न जाता खाली गेली तर सांधा वाकडा दिसतो. जागेवर कापलं नाही, तर आणखी वाईट: प्रत्येक पायरी २० मिमीने उचलली जाते आणि वरच्या मजल्याशी जुळायला शेवटचा चढ काहीतरी भलताच उरतो.

डबल मोल्डिंग करायचं असेल तर राइजरचं माप पुन्हा बदलतं. ओठ जाड दिसावा म्हणून लादीच्या पोटाला पुढे १८ मिमीची पट्टी चिकटवतात. ही पट्टी सहसा ४० मिमी रुंद असते आणि ओठ फक्त २५ पुढे असतो. म्हणजे पट्टीचे १५ मिमी राइजरच्या डोक्यावर येतात. तेव्हा एक तर राइजर १३२ चा कापायचा, नाही तर पट्टी २५ ची ठेवायची. हे कटिंगला देण्याआधी ठरवायचं असतं. या जिन्यात एकेरी मोल्डिंग ठेवलं, म्हणून राइजर १५० चेच.

पहिला आणि शेवटचा चढ

मिस्त्रीने काँक्रीटचे सगळे चढ १७० चे मोजले आणि ते खरंच तसे होते. पण काँक्रीट सारखं असणं आणि तयार जिना सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायऱ्यांवर १८ चा दगड आणि खाली २२ मिमी माल, असा ४० मिमीचा थर ठरला होता. दोन्ही मजल्यांची फरशी मात्र, खालचा माल धरून, ६० मिमी येणार होती. आता खालची फरशी ६० ने वर आली आणि पहिली पायरी ४० नेच, तर पहिला चढ १७० + ४० − ६० = १५० होतो. वर उलट घडतं: शेवटची पायरी ४० ने वर, मजला ६० ने वर, म्हणून शेवटचा चढ १९०. मधले सगळे १७०. पहिल्या आणि शेवटच्या चढात ४० मिमीचा फरक.

जिन्यावर पाय दोन पायऱ्यांतच चढाची सवय धरतो. नंतर डोळा पाहत नाही, पायच मोजतो. त्यामुळे अशा जिन्यावर सगळे शेवटच्या पायरीलाच अडखळतात आणि त्याचं कारण कुणाला कळत नाही.

उपाय सोपा होता, कारण तो दगड येण्याआधी सापडला. सगळ्या पायऱ्यांवर आणि मधल्या लँडिंगवरही थर ६० चा करायचा: १८ दगड, ४२ माल. मग सगळे चढ १७० होतात. माल २० मिमीने वाढला म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला साधारण ४० किलो वजन वाढलं. ते जिन्याच्या स्लॅबला चालेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारूनच पुढे जायचं. काँक्रीट अजून ओतायचं असतं, तर पहिला काँक्रीट चढ १९० चा आणि शेवटचा १५० चा ठेवून ४० चाच थर चालला असता. नवीन काम सुरू असणाऱ्यांनी हे दोन आकडे शटरिंग लागण्याआधीच काढावेत.

एक बारीक गोष्ट राहिली. खालच्या मजल्याची फरशी जिन्यानंतर लागणार होती. म्हणून पहिला राइजर फरशीच्या थरातून खाली स्लॅबपर्यंत न्यावा लागतो, १५० ऐवजी २१० चा. फरशी नंतर येऊन त्याला टेकते. हा एक तुकडा यादीत वेगळा लिहिला नाही, तर पहिल्याच पायरीला काम अडतं.

मधलं लँडिंग

लँडिंगचं माप काँक्रीटवर घेतलं की ते एका बाजूला कमी पडतं आणि दुसऱ्या बाजूला जास्त होतं. कारण दोन राइजर विरुद्ध दिशांना पुढे येतात. खालून येणाऱ्या टप्प्याचा राइजर लँडिंगच्या बाहेरच्या बाजूला २५ येतो, वर जाणाऱ्याचा लँडिंगच्या आत २५ येतो. काँक्रीटमधे एका रेषेत असलेले चढ तयार झाल्यावर ५० मिमीने मागेपुढे होतात. भिंतीपासून एका बाजूला १२५० मिळतात, दुसऱ्या बाजूला १२००.

म्हणून लँडिंग तीन भागांत कापलं. येणाऱ्या बाजूच्या कडेला १२०० × ३१५ ची मोल्डिंगची लादी. तिचे २५ पुढे, २९० लँडिंगवर. मागे भिंतीपर्यंत १२५० − २९० = ९६० चा पट्टा, संपूर्ण २४८० रुंदीत, तीन तुकड्यांत. आणि जाणाऱ्या बाजूला उरलेल्या १२८० रुंदीत एक तुकडा.

हा शेवटचा तुकडा जवळून पाहण्यासारखा आहे. त्याचे ११८० मिमी राइजरच्या खाली जातात आणि तिथे २५८ खोली पुरते: ९६० पासून १२०० पर्यंत २४०, आणि राइजरखाली १८. पण उरलेले १०० मिमी पोकळीच्या तोंडाशी आहेत. तिथे राइजर नाही, आणि शेजारच्या मोल्डिंगच्या लादीच्या ओठाशी रेष जुळवायची तर पूर्ण ३१५ खोली लागते. म्हणून १२८० × ३१५ चा तुकडा घेऊन त्यातून ११८० × ५७ ची पट्टी काढायची. तुकडा इंग्रजी एल अक्षरासारखा होतो. आतल्या कोपऱ्यात दोन काप एकमेकांना ओलांडून गेले तर दगड तिथूनच तडकतो, कधी कापतानाच, कधी बसवल्यावर महिन्याने. कोपऱ्यावर आधी ड्रिलने ८-१० मिमीचं भोक पाडायचं आणि दोन्ही काप त्या भोकापर्यंतच आणून थांबवायचे. पोकळीकडच्या उभ्या काँक्रीटला राइजरच्या उरलेल्या तुकड्यातून छोटी पट्टी लावली की ओठाखाली ते उघडं दिसत नाही.

वरच्या मजल्याच्या कडेलाही शेवटच्या चढाची लादी १२०० ची आणि कठड्याखालची उरलेली कड १२८० ची, दोन्हींना मोल्डिंग. त्यामागे टाइल येते. टाइल ९ मिमीची आणि ग्रॅनाइट १८ चं, तेव्हा टाइलखालचा थर ९ मिमीने जाड ठेवायचा, म्हणजे पृष्ठभाग एका पातळीत येतात.

कापायची यादी

कटिंगवाल्याकडे शेवटी ही यादी गेली:

- १२०० × ३१५, पुढे मोल्डिंग: १८ नग (त्यातल्या १६ ना मोकळ्या टोकालाही मोल्डिंग)
- १२८० × ३१५: २ नग (एकाला पुढे पूर्ण मोल्डिंग, एक एल काप)
- ११८० × १५०, राइजर: १७ नग; ११८० × २१०: १ नग
- ८२७ × ९६०, लँडिंग: ३ नग
- स्कर्टिंग १०० मिमी उंच: २७० चे १६, १७० चे १८, आणि लँडिंगला सुमारे ४.९३ मीटर

निव्वळ क्षेत्रफळ १४.४८ चौरस मीटर, म्हणजे १५६ चौरस फूट. त्यावर नेहमीचे १० टक्के वेस्टेज धरले तर १७१ चौरस फूट. मिस्त्रीच्या चुकीच्या यादीची बेरीजही जवळजवळ तीच होती. तिच्यात लँडिंगच्या कडा दोनदा मोजल्या होत्या, राइजर उंच होते, लाद्या अरुंद होत्या आणि स्कर्टिंग मुळीच नव्हतं. चुका एकमेकींना झाकत राहिल्या. म्हणून जिन्याचा दगड चौरस फुटांवर मंजूर करू नये, तुकड्यांच्या यादीवरच करावा.

मोल्डिंग रनिंग फुटात मोजतात. पुढच्या कडा २१.६ मीटर, वरची १२८० ची कड, १६ लाद्यांची मोकळी टोकं प्रत्येकी २९५, आणि एल तुकड्याचे १०० मिमी. एकूण २७.७ मीटर, म्हणजे ९१ रनिंग फूट.

टोकाच्या मोल्डिंगबाबत एक चूक फार वेळा होते. नकाशात खालच्या टप्प्याची पोकळी एका हाताला आणि वरच्या टप्प्याची दुसऱ्या हाताला दिसते, म्हणून कटिंगवाला आठ लाद्यांना डावीकडे आणि आठांना उजवीकडे मोल्डिंग करतो. पण चढणारा माणूस लँडिंगवर अर्धं वळण घेतो. त्याच्या दृष्टीने पोकळी दोन्ही टप्प्यांत एकाच हाताला असते. लादी नकाशात १८० अंशात फिरवली की तीच लादी मिळते. तेव्हा सोळाही लाद्या एकाच हाताच्या. यादीवर “समोरून चढताना मोकळं टोक डावीकडे” किंवा “उजवीकडे” असं शब्दांत लिहायचं आणि सोबत एका लादीचं चित्र काढून त्यावर खूण करायची.

स्लॅबवर मांडणी

वेस्टेजचा खरा आकडा टक्केवारीतून निघत नाही, स्लॅबवर तुकडे मांडूनच निघतो. पसंत केलेल्या दगडाचा कडा काढून वापरण्याजोगा स्लॅब २९५० × ८६० मिमी होता. पात्याची जाडी ४ मिमी धरली.

८६० च्या रुंदीत ३१५ च्या दोन ओळी आणि १५० ची एक ओळ बसते. पात्यासह ७९२, उरतात ६८, ज्याचा काही उपयोग नाही. लांबीत १२०० चे दोन तुकडे, किंवा १२०० आणि १२८० असे दोन. म्हणजे एका स्लॅबमधून चार लाद्या आणि दोन राइजर. पाच स्लॅबमधून वीस लाद्या आणि दहा राइजर झाले. सहाव्यात राहिलेले आठ राइजर, त्यांतली एक ओळ २१० ची. त्याच्या उरलेल्या रुंदीतून लँडिंगच्या मागच्या भिंतीची सलग स्कर्टिंग निघते. सातव्यात लँडिंगचे तीन तुकडे. ९६० × ३ म्हणजे २८८०, पात्यासह २८८८, त्यामुळे स्लॅब २८८८ पेक्षा आखूड असता तर हा हिशोब मोडला असता.

पहिल्या पाच स्लॅबच्या टोकाला साडेचारशे मिमीपेक्षा जास्त लांबीचा तुकडा उरतो. त्यातून १०० रुंदीच्या पट्ट्या काढल्या की प्रत्येकीतून एक २७० चा आणि एक १७० चा तुकडा मिळतो, म्हणजे जिन्याच्या स्कर्टिंगचे नेमके हवे ते दोन तुकडे. त्यामुळे स्कर्टिंगला वेगळा दगड लागला नाही.

सात स्लॅब म्हणजे १७.७६ चौरस मीटर, १९१ चौरस फूट. निव्वळ गरजेपेक्षा साधारण २३ टक्के जास्त. १० टक्क्यांचा ठोकताळा इथे सहा स्लॅबच्या थोडंच पुढे थांबला असता. यात फुटीसाठी काहीच शिल्लक नाही, म्हणून त्याच लॉटमधला आठवा स्लॅब घेऊन ठेवायचा. पुढच्या लॉटचा दगड त्याच नावाने आला तरी ठिपका आणि छटा जुळत नाही, आणि जिन्यावर शेजारशेजारच्या पायऱ्यांत ते लगेच दिसतं.

बसवताना

काम सुरू करण्याआधी भिंतीवर तयार पातळ्या मारायच्या. खालच्या आणि वरच्या तयार फरशीची रेष, मधल्या ३०६० चे १८ सारखे भाग, आणि पहिल्या ओठापासून टप्प्याच्या शेवटच्या ओठापर्यंत ताणलेली दोरी. प्रत्येक लादीचा ओठ या दोरीला लागला पाहिजे. काँक्रीटमधला उंचसखलपणा मालात जातो, दगडात नाही. खालच्या पायरीवरून वरची मोजत गेलं तर दोन-दोन मिमीची चूक नऊ चढांत दीड-पावणेदोन सेंटीमीटर होते आणि ती सगळी लँडिंगवर उतरते.

क्रम खालून वर: राइजर, त्यावर लादी, तिच्या पाठीवर पुढचा राइजर. एका लादीचं वजन १८ किलोच्या आसपास असतं, त्यामुळे एकट्याने टेकवताना ती आधी मागच्या कडेवर बसते आणि पुढे माल दाबला जात नाही. पुढची कड पोकळ राहण्याचं मुख्य कारण हेच. माल राइजरच्या डोक्यापर्यंत भरलेला हवा आणि लादी दोघांनी आडवी धरून एकदम टेकवायची. सुकल्यावर लाकडी हातोडीने ओठापासून मागे ठोकत जायचं. भरीव लादीचा आवाज बंद आणि जड येतो, पोकळीवर तो मोकळा, डबडब येतो. ओठाजवळ तसा आवाज आला, तर लादी काढून पुन्हा बसवायची. तिथे पाय आपटून पडतो आणि १८ मिमीचा दगड ओठाच्या मागे आडवा तडकतो. कडेने सिमेंटचं पाणी ओतून ही पोकळी भरत नाही.

ताज्या पायरीवरून किमान दोन दिवस चढउतार नको. ते शक्य नसेल, तर दिवसाला एकच टप्पा घ्यायचा आणि वापर बंद ठेवायचा.

न घसरण्यासाठी खाचा पाडताना पहिली खाच ओठाच्या ३५ मिमी मागे ठेवली, म्हणजे ती राइजरच्या वर येते, अधांतरी ओठावर नाही. ४ मिमी रुंद, २ मिमी खोल अशा तीन खाचा, दोन्ही टोकांना ६० मिमी आधी थांबवलेल्या. त्याहून खोल पाडलेली खाच म्हणजे दगडावर आखून दिलेली तड्याची रेष.

हाच जिना टाइलचा असता तर

पायरीच्या टाइल १२०० × ३०० मापात मिळतात आणि २७० च्या पायरीला त्या सोयीच्या वाटतात. पण हिशोब तोच: २७० + २५ + राइजर टाइलचे ९ = ३०४. चार मिमी कमी पडतात. म्हणून नोजिंग २० करायचं, म्हणजे २९९ होतात. मागे सरकवून घेऊ म्हटलं, तर प्रत्येक पायरीला नोजिंग वेगळं येतं.

राइजर इथे १७० − ९ − २ = १५९ चा. ६०० रुंदीच्या टाइलमधून तीन ओळी निघतात, म्हणून १८ राइजरना १२०० × ६०० च्या सहा टाइल, आणि फरशीखाली जाणाऱ्या पहिल्या राइजरच्या जादा उंचीसाठी त्यांतल्याच एका उरलेल्या पट्टीचा जोड. एकूण थर ६० च ठेवायचा असल्याने टाइल आणि चिकटवण्याचा थर सोडून बाकीची जाडी आधी माल घालून पक्की करून घ्यायची. टाइल जाड ओल्या मालावर ठोकत बसवली, तर ती पुढे दबते.

९ मिमीची साधी टाइल २० मिमी अधांतरी ठेवू नये. बादली टेकली तरी कपचा उडतो. ओठ कारखान्यातच जाड किंवा गोल केलेली पायरी-टाइल असेल तरच नोजिंग काढायचं. नाही तर टाइल राइजरच्या चेहऱ्याशी सपाट ठेवून कडेला धातूची प्रोफाइल पट्टी बसवायची. तेव्हा लादीची रुंदी २७० + ९ = २७९ होते. साधी टाइल घासून गोल केली, तर वरचा छापील थर जातो आणि आतलं वेगळ्या रंगाचं अंग प्रत्येक पायरीच्या टोकाला पांढुरक्या रेषेसारखं दिसतं. अंगभर एकच रंग असलेल्या टाइलला हा त्रास नाही.

ऑर्डर देण्याआधी शेवटची तपासणी जागेवर केली, आणि ती कुठल्याही जिन्यावर पंधरा मिनिटांत होते. प्लायवुडचे दोन तुकडे, एक लादीसारखा ३१५ रुंद आणि एक राइजरसारखा १५० उंच, दोन्ही दगडाच्या जाडीचे. सलग तीन पायऱ्यांवर ते खाली माल येईल एवढे ठोकळे ठेवून मांडायचे: एकदा खालून, एकदा मधे, एकदा लँडिंगच्या चढाला. या जिन्यात चौथ्या पायरीचं काँक्रीट ९ मिमी पुढे निघालं. तिथे मागे ठेवलेले ५ मिमी पुरत नव्हते, म्हणून दगड येण्याआधी तेवढा भाग छिन्नीने टाचून घेतला.